मदत हवी आहे: ४३बी(एच) मध्ये बिल जीएसटीसकट मिळवायचं का?

आमच्या लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं २०२४-२५ चं करपात्र उत्पन्न काढतोय. करापूर्वीचा नफा १८,५०,०००. त्यात पुस्तकातला घसारा ४,२०,००० परत मिळवला आणि आयकराच्या दराने येणारा ५,६५,००० वजा केला. इथवर ठीक.

अडलंय ते पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या बिलावर. पुरवठादार स्वतः उत्पादक आहे, उद्यम नोंदणीत सूक्ष्म. माल १० मार्चला घेतला. लेखी करार नाही, म्हणजे मुदत १५ दिवसांची, २५ मार्चपर्यंत. पैसे दिले २२ एप्रिलला. रिटर्नच्या तारखेआधी दिले तरी या कलमात सूट नाही, हे माहीत आहे. वजावट पुढच्या वर्षी मिळेल. खोके मार्चमध्येच संपले, साठ्यात काही नाही.

बिल २,४०,००० अधिक जीएसटी २८,८००. जीएसटीचं क्रेडिट घेतलंय, त्यामुळे नफा-तोट्यात खर्च फक्त २,४०,००० चाच पडलाय. मी तेवढेच मिळवून उत्पन्न १९,४५,००० काढलं. आमचे लेखापरीक्षक मात्र थकबाकी २,६८,८०० होती म्हणून तीच धरा म्हणतात. जो खर्च दाखवलाच नाही, तो नामंजूर कसा होईल? तुम्ही कोणता आकडा धरता?