खारघरच्या मेळाव्याचं पार्किंग: नोंदणीच्या आकड्यांवर किती विसंबायचं? (चर्चा)

उत्सवकार्यकर्ता: जानेवारीत खारघरला सेंट्रल पार्कच्या बाजूला आमच्या समाजाचा मेळावा आहे. पार्किंगची जबाबदारी माझ्याकडे. वाहनांची नोंदणी आधीच घेतली आहे: ४० बस, ६०० कार, ९०० दुचाकी. सभास्थळाला लागून पाच एकरचा भूखंड मिळतोय, आणि साधारण दोन किलोमीटरवर दोन एकरचा आणखी एक. माझं मत असं, की नोंदणीनुसार सगळ्यांना मोठ्या भूखंडावर क्रमांकाची जागा द्यावी आणि भूखंड भरला की पुढच्या गाड्या लहान भूखंडाकडे पाठवाव्यात. समितीत मात्र दोन तट पडलेत. तुमचं काय मत?

मैदानआखणी: आधी जागेचा हिशोब करा, अर्धा वाद तिथेच मिटेल. पाच एकर म्हणजे वीस हजार चौरस मीटर. त्यातून रुग्णवाहिकेची वाट, कडेचे कोपरे, दिव्यांचे खांब वगळले की अठरा हजार धरा. मोकळ्या मैदानावर पट्टे नसतात, लोक तिरके लावतात, म्हणून वळायच्या वाटेसह एका कारला पंचवीस चौरस मीटर लागतात. बसला शंभर आणि दुचाकीला तीन. तुमच्या आकड्यांना गुणलंत तर कारना १५,०००, बसना ४,००० आणि दुचाकींना २,७०० लागतात, म्हणजे एकूण २१,७००. मोठा भूखंड नोंदणीलाच पुरत नाही. तेव्हा 'भरला की पाठवू' हा तुमचा पर्याय नाहीच. काहीतरी पहिल्या गाडीपासूनच दुसरीकडे जाणार आहे, आणि ते काय असावं एवढंच ठरवायचंय.

माझ्या मते ते बस. बसची नोंदणी सगळ्यात पक्की असते, कारण तिचं भाडं आगाऊ भरलेलं असतं. बस माणसं फाटकाशी उतरवते आणि चालक रिकामी गाडी घेऊन दोन किलोमीटर गेला तरी कुणाला चालावं लागत नाही. बस काढल्या की मोठ्या भूखंडावर कार आणि दुचाकी मिळून १७,७०० होतात, म्हणजे जेमतेम बसतात. लहान भूखंडावर बस लावूनही सव्वाशेच्या आसपास कारची जागा उरते. तीच तुमची राखीव.

घोडबंदरवाला: एवढ्या गणिताची गरज नाही. ठाण्यात आमच्या मंडळाचा कार्यक्रम असतो, तेव्हा आम्ही नोंदणीवर सरळ दहा टक्के वाढवतो आणि निभावतं. नोंदणी केलेले काही येत नाहीत, न केलेले काही येतात. फिटंफाट होते.

मैदानआखणी: एकूण आकड्यापुरतं तुमचं खरं आहे. पण न येणारे आणि आगंतुक एकाच प्रकारच्या वाहनातून येतील असं नाही. दहा कार आल्या नाहीत आणि त्याऐवजी पाच बस आल्या, तर वाहनं पाचने कमी झाली आणि जागा मात्र अडीचशे चौरस मीटर जास्त लागली. म्हणून तिन्ही प्रकारांचा अंदाज वेगवेगळा करावा लागतो. कारच्या यादीत आणखी एक घोळ असतो. नवरा-बायको दोघंही अर्ज भरतात आणि गाडी एकच असते. यादी गाडीच्या क्रमांकानुसार लावून दुबार नोंदी आधी काढा, मग टक्केवारीचं बोला.

साताऱ्याचीबस: बस लांब ठेवायला माझा ठाम विरोध. आम्ही दरवर्षी गावाकडून माणसं घेऊन अशा मेळाव्यांना येतो. सकाळी उतरवणं सोपं असतं, कारण बस एकेक करून येतात. संध्याकाळचं काय? कार्यक्रम संपला की चाळीसही बसची माणसं एकदम बाहेर. गर्दीत फोन लागत नाही, त्यामुळे चालकाला बोलावणार कसं? समजा फाटकाशी एका वेळी चार बस उभ्या राहू दिल्या आणि म्हाताऱ्या माणसांसह एक बस भरायला पंधरा मिनिटं लागली. दहा खेपा म्हणजे अडीच तास. शेवटच्या बसची माणसं रात्री रस्त्यावर बसलेली, पुढे साताऱ्याचा रस्ता. बस जवळच्या मैदानावर क्रमाने लावलेली असेल तर माणूस स्वतः चालत जाऊन आपल्या जागेवर बसतो आणि चाळीसही बस एकाच वेळी भरतात. लांब पाठवायच्या तर कार पाठवा. कारवाल्यांना दोन किलोमीटर जड नाहीत.

सेक्टरवासी: मी याच भागात राहते. तुमचं भूखंडाचं गणित काहीही असो, आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि सोसायटीचं फाटक बंद होतं. मागे एका कार्यक्रमाच्या दिवशी सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचं होतं, तर गाडीच बाहेर काढता आली नाही. आतल्या रस्त्यांच्या तोंडाशी अडथळे आणि माणूस उभा करणार का, एवढं सांगा. 'स्वयंसेवक असतील' हे उत्तर नको. कुठल्या तोंडाशी किती वाजेपर्यंत, ते हवं.

उत्सवकार्यकर्ता: ताई, आतल्या रस्त्यांची यादी करून वाहतूक शाखेकडे देतो. प्रत्येक तोंडाशी दोघं राहतील, गर्दी पांगेपर्यंत. तुमच्या सोसायटीच्या सचिवांकडे त्या दोघांचा फोन नंबरही पोहोचवतो.
मैदानआखणी, संध्याकाळच्या अडीच तासांवर तुमचं काय म्हणणं?

मैदानआखणी: आक्षेप खरा आहे, तो मी टाळणार नाही. चारऐवजी आठ बस एका वेळी उभ्या राहतील एवढी लांबी सभास्थळाच्या रस्त्यावर मिळाली तर वेळ निम्मा होतो. बारा मीटरच्या आठ बस म्हणजे मधल्या अंतरासह सव्वाशे मीटर रस्ता मोकळा हवा. तो मिळत नसेल तर साताऱ्याचीबस यांचं पारडं जड. पण मग उलट बाजूही बघा. बस मोठ्या भूखंडावर घेतल्या तर तिथे कार साडेचारशेच मावतात. नोंदणी केलेल्या दीडशे कार लांब जातील. गाडीमागे चार माणसं धरली तर सहाशे माणसं. पंचवीस आसनी मिनीबस तासाला तीन फेऱ्या करते असं धरा, एका तासात त्यांना आणायला आठ मिनीबस लागतील. त्यांचा खर्च समिती करणार का?

साताऱ्याचीबस: आठ मिनीबसचं एका दिवसाचं भाडं हे दीड-दोन हजार माणसांना रात्री रस्त्यावर बसवण्यापेक्षा स्वस्तच आहे. शिवाय कारमध्ये तरुण माणसं असतात. ती चालतील.

नेरूळवरून: मी कुटुंबासह येतोय, कारची नोंदणी केली आहे. बेलापूरला गाडी लावून मेट्रोने सेंट्रल पार्क स्टेशनला उतरलो तर चालेल का? नोंदणी रद्द करावी लागेल का?

उत्सवकार्यकर्ता: चालेल काय, उत्तमच. फक्त नोंदणी रद्द झाल्याचं कळवा आणि परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा. खरं तर ही सोय नवी मुंबईकरांना आम्हीच सुचवायला हवी.

घोडबंदरवाला: आणि क्रमांकाची जागा देण्याचं काय? मला तो मुद्दा पटतो. वेळेत नोंदणी केली त्याला हक्काची जागा मिळाली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी नोंदणी करेल कोण?

मैदानआखणी: हक्क मान्य, क्रमांक अमान्य. कारण फाटकावर लागणारा वेळ. कार न थांबता स्वयंसेवकाच्या हाताकडे बघून आत गेली तर दहा सेकंद लागतात, म्हणजे तासाला ३६० गाड्या. क्रमांक विचारून, यादीत शोधून, दिशा सांगून पाठवली तर तीस सेकंद, म्हणजे तासाला १२०. कार्यक्रमाआधीच्या तासात तुमच्या निम्म्या गाड्या येणार, तीनशे. एका फाटकावर त्या तासाअखेर १८० गाड्या बाहेर उभ्या राहतील. गाडीमागे सहा मीटर धरले तरी रांग किलोमीटरच्या पुढे जाते. मग मागची माणसं सेक्टरवासी ताईंच्या गल्लीत गाडी लावून चालू लागतात, आणि आत मैदान अर्धं रिकामं असतं. मैदान रिकामं आणि रस्ते भरलेले दिसले की जागा पुरेशी आहे, फाटक अडलंय, हे ओळखावं.

हक्क पाळायचा तो पासच्या रंगाने. नोंदणी करणाऱ्याला मोठा पास द्या, काचेच्या डाव्या बाजूला, वीस पावलांवरून दिसेल असा. पास असलेली कार मोठ्या भूखंडाकडे आणि पास नसलेली पहिल्या मिनिटापासून लहान भूखंडाकडे. हे वेगळं करणं भूखंडाच्या फाटकावर नको, उत्सव चौकात करा. फाटकापर्यंत आलेली कार परत वळवायची म्हणजे समोरून येणाऱ्या रांगेत ती आडवी घालायची.

उत्सवकार्यकर्ता: पण पास असलेल्यांनीच मोठा भूखंड भरला तर? कधी बंद करायचा?

मैदानआखणी: भरल्यावर बंद करणारे सगळेच अडकतात, कारण तेव्हा आणखी गाड्या रस्त्यात असतात. तुमचंच उदाहरण घ्या. तासाला तीनशे म्हणजे मिनिटाला पाच. चौकापासून भूखंडापर्यंत गर्दीत पंधरा मिनिटं धरली तर ७५ गाड्या वाटेत. तुमचा निरोप चौकातल्या माणसापर्यंत पोहोचून त्याने दिशा बदलेपर्यंत पाच मिनिटं, म्हणजे आणखी २५. शंभर जागा शिल्लक असताना निरोप गेला पाहिजे. बस लांब ठेवल्यात आणि इथे सहाशेची जागा असेल, तर पाचशेवी गाडी आत येताच. गाड्या कमी वेगाने येत असतील तर हा आकडा खाली येतो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी आवक मोजत राहा.

मोजायला पन्नास-पन्नास चिठ्ठ्यांच्या गड्ड्या फाटकावर ठेवा. गाडीमागे एक चिठ्ठी खोक्यात टाकायची. दहावी गड्डी संपली की वायरलेसवर निरोप. फोनवर विसंबू नका.

घोडबंदरवाला: म्हणजे पाचशेएकावा माणूस पास घेऊन आला, आत शंभर जागा दिसताहेत, आणि तुम्ही त्याला दोन किलोमीटर लांब पाठवणार. तो भांडणार नाही का?

मैदानआखणी: भांडेल. त्याला पासवरच छापून सांगा, की अमुक वाजेपर्यंत आलात तर जागा नक्की, नंतर उपलब्धतेनुसार. कार्यक्रम सुरू झाल्यावर आवक ओसरते. तेव्हा उरलेल्या जागा कुणालाही खुल्या करा.

साताऱ्याचीबस: वेळेची अट पुण्याकडच्यांना लावू नका. कळंबोलीला अडकलो तर आमचा काय दोष?

उत्सवकार्यकर्ता: नोंदणीच्या अर्जात कुठून येणार हे विचारलंय, त्यामुळे पुणे बाजूच्या कारना अर्धा तास सवलत देता येईल. बसचा निर्णय मात्र रस्त्याची लांबी मोजल्यावरच. खारघर पनवेल महानगरपालिकेत येतं, भूखंड सिडकोचे आणि वाहतूक नवी मुंबई पोलिसांकडे, त्यामुळे आठ बस उभ्या करू द्यायला कोण परवानगी देणार हेच आधी विचारावं लागेल. शनिवारी फीत घेऊन जातोय. सव्वाशे मीटर मिळाले तर बस लांब, नाही मिळाले तर मिनीबसचा खर्च समितीपुढे मांडतो.

सेक्टरवासी: शनिवारी येताय तर आमच्या गल्लीच्या तोंडाशीही या. अडथळा कुठे ठेवायचा ते मी दाखवते.