'आईने भाकरी कडक भाजली': इथे 'कडक' विशेषण की क्रियाविशेषण?

भरती_अभ्यास

काल अभ्यासिकेत मराठीचा सराव पेपर सोडवत होते. प्रश्न असा होता: 'आईने भाकरी कडक भाजली' या वाक्यातल्या 'कडक' या शब्दाची जात ओळखा. पर्याय नाम, विशेषण, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय. मी विशेषण लिहिलं, उत्तरतालिकेत क्रियाविशेषण निघालं.

त्याच पेपरात 'जेवणानंतर थोडं गोड हवं' आणि 'ती गोड बोलते' अशी दोन वाक्यं होती. पहिल्यात 'गोड' नाम, दुसऱ्यात क्रियाविशेषण. ही दोन्ही माझी बरोबर आली, पण खरं सांगायचं तर कानाला बरं वाटलं म्हणून लिहिली. आपण सोलापूरचे, 'कडक भाकरी' लहानपणापासून तोंडात बसलेलं, म्हणून मला 'कडक' हे भाकरीचंच वाटलं. मैत्रीण म्हणते शब्द क्रियापदाला चिकटून आलाय, मग क्रियाविशेषणच. हे पक्कं ओळखायचं कसं?

क्लासवाला_सातरस्ता

यात अवघड काही नाही. क्रियापदाला 'कसे' विचारायचं. भाकरी कशी भाजली? कडक भाजली. उत्तर आलं की क्रियाविशेषण. भाकरी कोणती? कडक. असं उत्तर आलं की विशेषण. तुमच्या वाक्यात शब्द भाजण्याजवळ आहे, उत्तरतालिका बरोबर आहे.

आणखी एक खूण मुलांना देतो. लिंग-वचनाप्रमाणे शब्दाचं रूप बदललं तर विशेषण, नाही बदललं तर क्रियाविशेषण.

जुना_मास्तर

सर, तुमच्या दोन खुणा एकमेकींशी भांडतात. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते'. कशी गाते? चांगली. पहिल्या खुणेने हे क्रियाविशेषण. पण चांगला-चांगली असं रूप बदलतंय, म्हणून दुसऱ्या खुणेने विशेषण. आता मुलाने काय लिहावं?

हेच वाक्य भूतकाळात नेऊन बघा. 'तिने चांगलं गायलं.' गाणारी बाईच आहे, तरी 'चांगली'चं 'चांगलं' झालं. तो शब्द त्या बाईचं विशेषण असता तर तिच्याबरोबर 'चांगली'च राहिला असता. तो क्रियापदाच्या मागे गेला. 'गाते' होतं तेव्हा क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत होतं, म्हणून शब्दही कर्त्याप्रमाणे चालला. 'गायलं' झाल्यावर क्रियापद नपुंसकलिंगी झालं, शब्दही झाला. म्हणून ते क्रियाविशेषण. रूप बदलतं म्हणून त्याला अव्यय म्हणता येत नाही एवढंच. पर्यायांत 'क्रियाविशेषण' आणि 'क्रियाविशेषण अव्यय' दोन्ही दिले असतील तर हा फरक गुण घालवतो.

क्लासवाला_सातरस्ता

भूतकाळाचं उदाहरण मान्य. रूप बदलण्याची खूण मी मागे घेतो. पण 'कसे'चा प्रश्न सोडणार नाही, त्याने बहुतेक प्रश्न सुटतात.

अक्कलकोट_नाका

अगं ताई, तुला कडक भाकरी करायची असेल तर वाक्यच चुकलंय! कडक भाजायची नसते. पीठ चांगलं मळायचं, भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापायची, तव्यावर नेहमीसारखीच भाजायची. भाजली की मंद आचेवर किंवा चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, आतली ओल गेली पाहिजे. मग ती पापडासारखी होते आणि बरेच दिवस टिकते. तव्यावरच कडक करायला गेलीस तर बाहेरून करपते, आत ओली राहते आणि चौथ्या दिवशी बुरशी धरते. पीठ जुनं असेल तर थापतानाच कडा फाटतात. माझ्या सासूबाई गड्ड्याच्या जत्रेच्या आधी पन्नास-साठ करून ठेवायच्या.

भरती_अभ्यास

काकू, मी व्याकरणाचा प्रश्न विचारला होता, पण हे वहीत लिहून घेतलं.

जुना_मास्तर

ताईंनी प्रश्न वेगळा समजून उत्तर दिलं, पण त्यातच आपलं उत्तर आहे. त्या म्हणतात, भाजणं नेहमीसारखंच, कडक होते ती भाकरी. म्हणजे 'कडक' हा भाजण्याचा प्रकार नाही, भाजून झाल्यावर भाकरीला आलेला गुण आहे. 'आईने भाकरी कडक भाजली' याचा अर्थ आईने भाकरी भाजून कडक केली असा होतो.

क्लासवाले सर, 'कसे' इथे फसतं कारण मराठीत दोन्ही गोष्टींना आपण 'कशी' विचारतो. 'भाकरी कशी आहे?' याचंही उत्तर 'कडक'. तिथे तर कुणी क्रियाविशेषण म्हणत नाही.

मी मुलांना वेगळा प्रश्न विचारायला सांगायचो. क्रिया संपली, करणारा निघून गेला, समोर वस्तू उरली. त्या वस्तूबद्दल हा शब्द अजून खरा आहे का? भाकरी डब्यात आहे, कडक आहे का? आहे. तर विशेषण, फक्त नामाच्या आधी न बसता क्रियापदाजवळ बसलेलं. आता 'ती गोड बोलते' घ्या. बोलणं थांबलं. ती गोड आहे का? तसं काही वाक्य सांगत नाही, गोड होतं ते बोलणं. म्हणून क्रियाविशेषण. 'आईने भाकऱ्या मोठ्या थापल्या' आणि 'आईने भाकऱ्या भराभर थापल्या' ही जोडी बघा. टोपल्यातल्या भाकऱ्या मोठ्या असतात, भराभर नसतात.

'जे मिळेल ते गोड मानून घे' यातही 'गोड' मानण्याची रीत सांगत नाही. मिळालेल्या गोष्टीला गोड ठरव, असं सांगतं. माझ्या लेखी ते विशेषण.

भरती_अभ्यास

सर, हे पटलं. म्हणजे 'कडक'ला मी विशेषण लिहिलं ते बरोबर? आणि नाम कसं ओळखायचं? 'गोड' हे नाम मी अंदाजाने लिहिलं होतं.

जुना_मास्तर

माझ्या मते बरोबर. पण क्रियापदाआधी आलेलं सगळं क्रियाविशेषण, असं मानून प्रश्न काढणारेही आहेत. त्यांच्या लेखी तुमचं उत्तर चूकच राहील.

नामाचं सोपं आहे. विभक्तीचा प्रत्यय त्याच शब्दाला लागू द्या. 'गोडाने दात किडतात', 'गोडाला मुंग्या लागल्या'. प्रत्यय 'गोड'लाच लागला आणि पुढे दुसरं नाम नाही, म्हणून नाम. विशेषण असेल तर प्रत्यय पुढच्या नामावर जातो: 'गोड आंब्याला', 'शहाण्या मुलाला'. पुढचं नाम काढून 'शहाण्याला शब्दांचा मार' म्हटलं की 'शहाणा' नाम झाला. तुमच्या वाक्यात 'थोडं गोड' आहे, म्हणजे 'गोड'लाच एक विशेषण लागलंय. तीही नामाची खूण धरा.

होटगीरोड

प्रत्यय लागला की नाम, असं असेल तर 'मोठ्याने वाच' याचं काय? 'ने' लागलाय आणि पुढे नाम नाही. माझ्या मुलीच्या पेपरात हा शब्द आला होता, तिने नाम लिहिलं आणि चूक मिळाली. शाळेत विचारलं तर 'तसंच असतं' एवढंच सांगितलं.

जुना_मास्तर

चांगला शब्द काढलात. दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'मोठ्याने लहानाला सांभाळावं' आणि 'मोठ्याने वाच'. पहिलं अनेकवचनात न्या: 'मोठ्यांनी लहानांना सांभाळावं'. चाललं. दुसरं न्या: 'मोठ्यांनी वाचा'. वाक्य तुटलं नाही, पण अर्थ पालटला. आता मोठी माणसं वाचायला लागली. आवाजाचा 'मोठ्याने' एकवचनातच गोठलेला आहे. त्याला 'मोठ्याला' किंवा 'मोठ्याचा' असं फिरवता येत नाही. खरं नाम सगळ्या विभक्तींत फिरतं. म्हणून एका प्रत्ययावर थांबू नका, दुसरा लावून बघा. मुलीने प्रत्यय ओळखला होता हे तिला सांगा, फक्त एक पाऊल आधी थांबली.

पूर्वभाग_माग

आमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून मला हे सगळं सोपं वाटायचं. तेलुगूत क्रियाविशेषणाला 'गा' लागतो. 'गट्टि' म्हणजे कडक, घट्ट. 'गट्टि रोट्टे' म्हणजे कडक भाकरी. 'गट्टिगा माट्लाडु' म्हणजे मोठ्याने बोल. मी शाळेत असताना मनात तेलुगू करून बघायचो, 'गा' आला की क्रियाविशेषण लिहायचो. 'भाकरी कडक भाजली' यात माझ्या तोंडात 'गट्टिगा' येतं. म्हणून मी उत्तरतालिकेच्या बाजूने.

जुना_मास्तर

आणि 'भाकरी कडक आहे' हे तेलुगूत कसं म्हणाल?

पूर्वभाग_माग

'रोट्टे गट्टिगा उंदि.' ... हो, इथेही 'गा' येतोच. आणि मराठीत हे तर सरळ विशेषण. म्हणजे माझा ताळा इतकी वर्षं अर्धाच चालत होता. 'बोल', 'चाल', 'धाव' अशा क्रियापदांत बरोबर यायचा, वस्तूचा गुण आला की चुकायचा. आता कळलं माझे नेमके कोणते प्रश्न जायचे.

क्लासवाला_सातरस्ता

मास्तर, तुमचा 'वस्तू उरली की विशेषण' हा प्रश्न उद्यापासून वर्गात विचारतो. पण मुलांना एक सांगावंच लागेल. अंतिम उत्तरतालिकेत जे येईल त्यालाच गुण. सराव पेपरात चुकलं तर वाद घालता येतो. खऱ्या परीक्षेत पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची मुदत असते, तेवढ्यात कारण लिहून द्यावं लागतं. 'मला वाटतं' लिहून चालत नाही.

भरती_अभ्यास

हरकतीत एवढंच लिहिलं तर चालेल का: 'कडक' हा भाजण्याच्या क्रियेचा प्रकार दाखवत नाही, भाजून तयार झालेल्या भाकरीचा गुण दाखवतो. 'भाकरी भाजून कडक झाली' असं म्हणता येतं. 'ती गोड बोलते' याचं 'ती बोलून गोड झाली' असं करता येत नाही.

जुना_मास्तर

याहून जास्त लिहू नका. हे नेमकं आहे.

पूर्वभाग_माग

मास्तर, एक राहिलं. आमच्याकडे म्हणतात 'चादर घट्ट विणली'. मागावर बाण्याचा प्रत्येक धागा फणीने ठोकून आधीच्या धाग्याला चिकटवतात. ठोक सैल पडली तर चादर विरळ होते आणि धुतल्यावर आकार सोडते. म्हणजे विणणंही घट्ट आणि चादरही घट्ट. तुमचा प्रश्न विचारला तर चादर हातात उरते आणि ती घट्ट आहे, म्हणून विशेषण. पण आमचे वडील 'घट्ट विण' म्हणायचे तेव्हा ते ठोकेबद्दल बोलायचे, चादर तेव्हा अर्धीसुद्धा झालेली नसायची.

जुना_मास्तर

इथे माझा प्रश्न दोन्हीकडे 'हो' म्हणतो. 'घट्ट विण' असं वडील सांगतात तेव्हा मी क्रियाविशेषण म्हणेन. दुकानदार चादर चाचपून 'घट्ट विणलीय' म्हणतो तेव्हा विशेषण. एकटं वाक्य छापून खाली चार पर्याय दिले तर कोण बोलतंय हे कळत नाही. अशा वाक्यावर मी प्रश्न काढला नसता.

क्लासवाला_सातरस्ता

मी काढला असता तर क्रियाविशेषण धरलं असतं. 'विणणे' हे क्रियापद विणण्याच्या रीतीबद्दलच जास्त बोलतं.

अक्कलकोट_नाका

ताई, पेपर झाला की ये घरी. आधी सांग, ज्वारी मालदांडीच आणते.