शब्दचर्चा: ‘जोडलेली’ पॉलिलाइन आणि ‘बंद’ पॉलिलाइन, एकच का?

जुळे सोलापूरकर: ऑटोकॅडमध्ये आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘लाइन बंद कर, मग एरिया काढ.’ बंद करणे म्हणजे सगळ्या रेषा जॉइन करणे, एवढंच ना? मग ‘जोडलेली’ आणि ‘बंद’ असे दोन शब्द कशाला?

होटगी रोड: लाइन बंद करायला लेयरचा बल्ब विझवायचा की ओ! रेषा दिसत नाही, पण फाइलमध्ये राहते.

जुळे सोलापूरकर: ते ‘ऑफ’ झालं दादा. मी बाह्यरेषेबद्दल विचारतोय.

डिप्लोमा सिव्हिल: फरक काही नाही. LINE ने काढलं तर प्रत्येक बाजू सुटी, PLINE ने काढलं तर सगळ्यांची मिळून एक वस्तू. सुट्या असल्या तर जॉइन करा. एरियाचा आकडा आला म्हणजे बंद झाली.

नकाशावाले: पहिला अर्धा भाग बरोबर, शेवटचं वाक्य घात करणारं. ऑटोकॅड उघड्या पॉलिलाइनचाही एरिया देतं. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंमध्ये सरळ रेषा आहे असं मनाशी धरून हिशोब करतं, पण ती रेषा लांबीत मात्र धरत नाही.

एल आकाराचा प्लॉट घ्या, मापं मीटरमध्ये. कोपरे क्रमाने (0,0), (12,0), (12,10), (7,10), (7,18), (0,18). खरा एरिया 176 चौरस मीटर, परिमिती 60 मीटर. शेवटची 18 मीटरची बाजू काढायची राहिली, तरी एरिया 176 च येतो, कारण मानलेली रेषा नेमकी त्याच जागी पडते. लांबी मात्र 42. त्यावरून कंपाउंडचा हिशोब केला तर 18 मीटर भिंत गायब!

आता वरची 7 मीटरची बाजूही जॉइनमधून सुटली असं धरा. मानलेली रेषा (7,18) वरून थेट (0,0) वर तिरपी जाते, 63 चौरस मीटरचा त्रिकोण कापला जातो आणि एरिया 113 दिसतो. कुठलीही सूचना येत नाही. म्हणून आकड्यावर जाऊ नका, Properties मध्ये Closed पुढे Yes आहे का ते बघा.

डिप्लोमा सिव्हिल: मग No चं Yes केलं की झालं.

नकाशावाले: एकच बाजू राहिली असेल तर झालं. दोन राहिल्या असतील तर Yes करताच तीच तिरपी रेषा खरोखर काढली जाते. निदान ती डोळ्यांना दिसते, हा फायदा. तिरपी दिसली की Undo करा आणि सुटलेली बाजू शोधा.

एमआयडीसी शेड: माझं वेगळंच आहे. शेडच्या स्लॅबची बाह्यरेषा EXTRUDE केली, तर पत्र्यासारख्या उभ्या बाजू आल्या, आत पोकळ. MASSPROP घनफळ देईना.

नकाशावाले: वेगळं नाही, तेच आहे. सुट्या रेषा किंवा उघडी पॉलिलाइन उचलली की सरफेस मिळतो. बंद असेल तरच भरीव सॉलिड. वरच्याच प्लॉटवर 0.15 मीटरचा स्लॅब उचलला तर घनफळ 26.4 घनमीटर यायला हवं. आधी जोडून घ्या:

```
PEDIT
M
(रेषा निवडून एंटर)
Y
J
0.005
```

शेवटचा आकडा फझ डिस्टन्स, म्हणजे किती फट चालवून घ्यायची. तो ड्रॉइंगच्या एककात असतो. मीटरच्या ड्रॉइंगमध्ये 0.005 म्हणजे 5 मिलिमीटर. मिलिमीटरच्या सवयीने तिथे 5 टाकलं तर पाच मीटरपर्यंतच्या फटी बुजवायला परवानगी दिली, कोपरे हवे तसे सरकतील.

एमआयडीसी शेड: फट कुठेच नाही, झूम करून बघितलं. तरी एक बाजू जॉइन होत नाही.

नकाशावाले: टोटल स्टेशनच्या बिंदूंवरून काढलंय का? मग उंची आली असेल. वरून टोकं एकावर एक दिसतात, पण एक दुसऱ्यापेक्षा वर असतं. त्या रेषेच्या Properties मध्ये Start Z आणि End Z बघा. बाकीच्या रेषा 0 वर असतील तर दोन्हीकडे 0 टाकून पुन्हा PEDIT.

एमआयडीसी शेड: End Z 0.42 निघाला. शून्य केल्यावर जोडली गेली, Closed Yes आहे. पण EXTRUDE आता आकृती घ्यायलाच तयार नाही.

नकाशावाले: कुठेतरी स्वतःलाच ओलांडत असेल. कोपऱ्याकोपऱ्यावर झूम करून बघा, एखादी रेषा पुढे जाऊन मागे वळली असेल.

जुळे सोलापूरकर: म्हणजे जोडणी वस्तूची, बंदपणा टोकांचा. मग ‘बंद’ऐवजी ‘बंदिस्त’ म्हटलं तर? होटगी रोडकरांचा बल्बही वाचेल.

होटगी रोड: बंदिस्त म्हटलं की मला गटार आठवतं. ‘क्लोज’च बरं.

नकाशावाले: साइटवर ‘क्लोज केली का?’ असंच विचारतात. लिहिताना ‘बंदिस्त’ला माझी हरकत नाही, पण ‘जॉइन केली’ एवढंच लिहून फाइल पाठवू नका.