‘टोपी घालू नये’ एवढ्याने भागते का? पोशाखाच्या नियमाची शब्दरचना

नवी_जबाबदारी:
आमच्याकडे सुमारे दीडशे माणसे काम करतात. निम्मी कार्यालयात, बाकीची यंत्रांवर आणि आठ-दहा जण रंगफवारणीच्या खोलीत मास्क लावून. पोशाखाचा नियम नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुन्या नियमातले वाक्य असे आहे : ‘कामाच्या वेळेत टोपी अथवा डोक्यावरील अन्य आच्छादन वापरू नये, धार्मिक कारण असल्यास विभागप्रमुखांची परवानगी घ्यावी.’ हे ठेवावे की बदलावे? दोन विभागप्रमुखांनी दोन अर्थ लावू नयेत आणि कोणाच्या धार्मिक वा पारंपरिक पेहरावाचा अवमान होऊ नये, असे नेमके काय लिहावे?

सरळरेष:
वाक्याचा दुसरा अर्धा भाग काढून टाका, प्रश्न मिटेल. टोपी नाही, रुमाल नाही, पगडी नाही, टिळा नाही, गळ्यात क्रूस नाही. सर्वांना एकच नियम. अपवाद ठेवला की परवानगी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही याची कुजबुज सुरू होते आणि कामापेक्षा तोच विषय मोठा होतो. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१७ मध्ये अशा तटस्थतेच्या नियमाला मान्यता दिली आहे. ज्यात भेदच केलेला नाही, त्याला भेदभाव कसा म्हणणार?

मसुदाकार:
सरळरेष, अपवाद मर्जीवर सोडला की अविश्वास वाढतो हे आपले निरीक्षण खरे आहे आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र निकालाचा निम्माच भाग आपण सांगितला आहे. २०१७ च्या त्या निकालात न्यायालयाने इतकेच म्हटले की सर्व दृश्य चिन्हांवरील सरसकट बंदी हा थेट भेदभाव ठरत नाही. पण अशा बंदीचा भार प्रत्यक्षात विशिष्ट श्रद्धेच्या माणसांवरच पडत असेल, तर तिच्यामागे रास्त हेतू आहे का आणि बंदी गरजेपुरतीच आहे का, हे तपासावे लागते. पुढे जुलै २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की तटस्थतेची खरी गरज मालकाला दाखवून द्यावी लागेल, आणि केवळ ‘ठळक व मोठ्या आकाराच्या’ चिन्हांवर बंदी घातली तर तो थेट भेदभावही ठरू शकेल, कारण लहानसा क्रूस कपड्याखाली जातो, डोक्यावरचा रुमाल जात नाही. एकच वाक्य सर्वांना लागू केले, तरी ते पाळण्यासाठी एकाला काहीच सोडावे लागत नाही आणि दुसऱ्याला नोकरी सोडावी लागते. नियम लिहिताना हा फरक नजरेआड करता येत नाही.

आता मूळ वाक्याकडे येतो. त्यातला सर्वांत धोकादायक शब्द ‘टोपी’ हा आहे. अमेरिकेत कपड्यांच्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या नियमावलीत ‘टोप्या’ वर्ज्य होत्या, पण टोपी म्हणजे काय ते कोठेही लिहिलेले नव्हते. मुलाखतीला आलेल्या एका तरुणीने डोक्याला रुमाल बांधला होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला पात्र ठरवले, परंतु रुमाल टोपीत मोडतो की नाही हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी वरिष्ठांना विचारले. तो धार्मिक असावा असा आपला समज आहे, हेही सांगितले. कारण धार्मिक असो वा नसो, डोक्यावर काहीच चालणार नाही, असे वरिष्ठांनी ठरवले आणि तिला नोकरी मिळाली नाही. २०१५ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला की, उमेदवाराने स्वतः सवलत मागितली नव्हती, हा कंपनीचा बचाव होऊ शकत नाही. एका शब्दाची व्याप्ती लिहिलेली नव्हती, म्हणून ती ठरवण्याचे काम ऐनवेळी एका माणसावर आले. आपल्याकडे विभागप्रमुखांवर तेच काम पडणार आहे.

म्हणून माझी सूचना अशी की वस्तूचे नाव लिहू नका, जे टाळायचे आहे ते लिहा. यंत्रावर डोक्याच्या आच्छादनाला हरकत का? त्याचे सुटे टोक फिरत्या भागात अडकेल म्हणून. मग वाक्य असे होईल : ‘यंत्रविभागात कपडे, केस, दागिने अथवा डोक्यावरील वस्त्र यांचे कोणतेही टोक मोकळे लोंबत नसावे, ते खोचलेले किंवा बांधलेले असावे.’ या वाक्यात पगडी आपोआप बसते, नीट खोचलेला हिजाब बसतो, आणि वेणी मोकळी सोडून आलेल्यालाही तोच नियम लागतो. कार्यालयाबाबत हाच प्रश्न विचारा. तेथे डोक्यावरील आच्छादनाला हरकत का, याचे उत्तर सापडत नसेल, तर तेथे त्यासंबंधी वाक्यच नको.

रात्रपाळी:
मी परिचारिका आहे. माझा अनुभव यंत्रांचा नाही, तरीही सांगते. पूर्वीच्या एका रुग्णालयात ‘साध्या विवाह-अंगठीखेरीज कोणताही दागिना घालू नये’ असा नियम होता. एका प्रमुख परिचारिकेने मला मंगळसूत्र काढून ठेवायला सांगितले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या वॉर्डात कोणी काहीच बोलले नाही. मला राग नियमाचा आला नाही. रुग्णाला उचलताना लोंबता सर त्याच्या जखमेवर टेकू शकतो, हे मला कळते. राग याचा आला की कोणा एकाच्या लग्नाची खूण नियमाला ठाऊक होती आणि माझी खूण मात्र ‘दागिना’ ठरली. तो सर मी अंगरख्याच्या आत घालून वर पिन लावत असे. ‘आत घातला तर चालेल’ इतकेच लिहिले असते तर दोन्ही वॉर्डांत मला एकच उत्तर मिळाले असते.

मसुदाकार:
रात्रपाळी, आपले उदाहरण प्रश्नाच्या अगदी गाभ्याचे आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत कोपराखाली हात उघडे असावेत, असा नियम आला, तेव्हा हीच अडचण आली. तेथील २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी हात स्वच्छ धुतले जाण्याचा मूळ हेतू कायम ठेवून मार्ग काढला : हातातले धार्मिक कडे हात धुताना व रुग्णाला हाताळताना दंडाकडे सरकवून घट्ट बसवावे आणि ज्यांना हात झाकायचे आहेत त्यांनी वापरून टाकून देण्याजोग्या बाह्या वापराव्यात. हेतू लिहिलेला असला की वाट सापडते. मात्र प्रत्येक वेळी सापडतेच, असे नाही. जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकाच निकालपत्रात विमान कंपनीच्या कर्मचारी महिलेचा गळ्यातला लहान क्रूस मान्य केला आणि रुग्णालयातील परिचारिकेचा अमान्य केला, कारण तेथे रुग्णाच्या सुरक्षिततेचे कारण होते. वस्तू तीच असूनही निर्णय धोक्याने ठरला.

दोन_मुलांचा_पालक:
शाळेच्या गणवेशालाही हे लागू करायला हवे. माझ्या मुलीला केसांना काळीच रिबीन लावावी लागते. हा काय न्याय?

नवी_जबाबदारी:
पालक, आपला प्रश्न रास्त आहे. पण मला प्रौढ कर्मचाऱ्यांसाठीच्या नियमाबाबत विचारायचे आहे.

सुरक्षा_कक्ष:
रंगफवारणीच्या खोलीबाबत कोणी बोलले नाही आणि खरी कसोटी तिथेच आहे. चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क कातडीला चिकटून हवा अडवतो. कडेखाली चार दिवसांचे खुंट असले तरी फट राहते आणि वाफ आत जाते. तेथे श्रद्धेचा कितीही आदर असला तरी मी सूट देणार नाही, कारण त्या माणसाच्या फुप्फुसाला ती सूट कळत नाही. पण म्हणून ‘दाढी ठेवू नये’ असेही लिहू नका. ‘घट्ट बसणाऱ्या मास्कच्या कडेखाली केस नसावेत आणि प्रत्येकाने मास्क बसण्याची चाचणी उत्तीर्ण केलेली असावी’ असे लिहा. कडेच्या आत मावणारी, झडपेला न अडणारी मिशी या वाक्यात चालते. ज्याला दाढी काढणे शक्य नाही, त्याच्यासाठी मोटारीने गाळलेली हवा पुरवणारा सैल हुड असतो. तो चेहऱ्याला चिकटून बसावा लागत नाही. त्यालाही मर्यादा आहे. तो हवा फक्त गाळतो, म्हणून प्राणवायूच कमी असलेल्या बंदिस्त टाकीत तो निरुपयोगी ठरतो. शिवाय तो बराच महाग असतो आणि त्याची बॅटरी सांभाळावी लागते. खर्च कोण करणार, हे नियमात लिहिले नाही, तर तो पर्याय कागदावरच राहील.

सरळरेष:
यंत्रांचे आणि मास्कचे मला पटले. तेथे हेतू मोजता येतो. कार्यालयाचे अजूनही पटलेले नाही. कारण विचारायचेच नाही असे ठरवले, तर उद्या कोणीही क्रिकेटची टोपी घालून ग्राहकासमोर बसेल. आणि कारण विचारायचे म्हटले, तर श्रद्धा खरी की खोटी हे कोण तपासणार?

मसुदाकार:
श्रद्धा तपासू नये, धोका तपासावा. जाहिरात किंवा संघाचे नाव मिरवणारे काही ग्राहकांसमोर नको असेल, तर ‘ग्राहकांसमोर बसताना कपड्यांवर व डोक्यावरील वस्त्रावर जाहिरात अथवा घोषणा नसावी’ असे लिहा. साधी टोपी घालून कोणी बसला, तर बसू द्या. त्याने काय बिघडते ते मला सांगता येत नाही.

‘परवानगी’ऐवजी ‘कळवणे’ हा शब्द वापरावा, असेही मी सुचवेन. परवानगी मागणारा सुरुवातीपासूनच चुकीच्या बाजूला उभा असतो. वाक्य असे ठेवता येईल : ‘या नियमामुळे श्रद्धा, परंपरा अथवा आरोग्य यांसंबंधी अडचण येत असल्यास कर्मचाऱ्याने मनुष्यबळ विभागास कळवावे, विभाग सात कामकाजी दिवसांत लेखी उत्तर देईल, नकार असल्यास कोणता धोका आहे आणि कोणते पर्याय तपासले, हे त्यात नमूद असेल, उत्तर मिळेपर्यंत, धोक्याचे काम वगळता, सध्याचा पेहराव चालू राहील.’ साध्या पेहरावासाठी हे कलम लागूच नये. तसे अर्ज येऊ लागले, तर आधीची वाक्येच चुकली आहेत असे समजावे.

जाहीर करण्यापूर्वी एक चाचणी घ्या. दोन विभागप्रमुखांना मसुदा आणि पाच प्रसंग लिहून द्या. आपापसांत न बोलता प्रत्येकाने ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढेच लिहावे. उत्तरे जिथे फुटतील, ते वाक्य पुन्हा लिहा.

नवी_जबाबदारी:
काल चाचणी घेतली. प्रसंग असे होते : यंत्रावर पगडी, कार्यालयात हिजाब, फवारणीत छाटलेली दाढी, यंत्रावर काचेच्या बांगड्या आणि उपचारांत केस गेल्यामुळे रुमाल बांधून आलेली सहकारी. जुन्या वाक्यावर चार ठिकाणी उत्तरे फुटली. एकाच ठिकाणी दोघांचे एकमत झाले, ते रुमाल नाकारण्यावर, कारण तिचे कारण धार्मिक नव्हते. ते दोन कागद शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा मला फार वाईट वाटले. नव्या मसुद्यावर फक्त बांगड्यांवर मतभेद झाला. त्या लोंबत नाहीत, म्हणून एकाने चालतील म्हटले. दुसऱ्याने फुटतील म्हणून नाकारल्या.

सुरक्षा_कक्ष:
दुसरे बरोबर आहेत, पण आपल्या वाक्यात ते नाही. ‘मोकळे लोंबत नसावे’ याला ‘अडकू शकेल किंवा फुटू शकेल असे काही मनगटावर व बोटांत नसावे’ हे जोडा. अंगठीही त्यात येते; यंत्रात अंगठी अडकून बोट गमावल्याची उदाहरणे आहेत.

रात्रपाळी:
मग विवाहाची अंगठीही काढायला लागेल, हे आधीच सांगा. नाहीतर ‘बांगड्या काढा’ एवढेच सर्वांच्या लक्षात राहील.

नवी_जबाबदारी:
ती सूचना घेतो. वाक्यात अंगठीचा उल्लेख बांगडीच्या आधी करीन. हुडचा खर्च कंपनीने करावा, असे मसुद्यात लिहिले आहे, पण लेखा विभागाने अजून होकार दिलेला नाही. आणि ओळख पटवण्यासाठी प्रवेशद्वारावर चेहरा दिसावा की नाही, हे वाक्य मी अजून कोरेच ठेवले आहे.

सरळरेष:
त्या वाक्यात तरी सर्वांना एकच नियम ठेवा, अशी माझी विनंती आहे.

मसुदाकार:
नियम एकच असावा, हे मान्य. पण चेहरा कोणासमोर आणि कोठे दाखवायचा, तेही त्यातच लिहा : मागणी झाल्यास बाजूच्या खोलीत, आणि चेहरा झाकणाऱ्या महिलेची इच्छा असल्यास महिला कर्मचाऱ्यासमोर. रात्रपाळीत प्रवेशद्वारावर महिला कर्मचारी नसेल, तर काय करायचे, याचे उत्तर मात्र आपल्यालाच शोधावे लागेल.