रायझनचे कोर: सब घोडे -३०, की एकेकाचं वेगळं?

खोली नं. १४ (धागाकर्ता)
गिरगावात दहा बाय बाराची खोली, एसी नाही. रायझन ७ ५८००एक्स, टॉवर कूलर बरा आहे. मे महिन्यात दुपारी खोली ३३ अंशांवर असते, सिनेबेंच लावलं की प्रोसेसर ८९-९० वर जाऊन बसतो आणि क्लॉक ४.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास. मेव्हणा म्हणतो, बायोसमध्ये व्होल्टेज उतरवणारा कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, त्यात सगळ्या कोरना -३० दे आणि विसर. एका मित्राचं म्हणणं, प्रत्येक कोरला वेगळा आकडा शोध, त्यात आठवडा गेला तरी चालेल. एवढा खटाटोप खरंच करावा का?

स्लो लोकल
मेव्हण्याचं ऐका. माझ्याकडेही हाच प्रोसेसर, सगळ्यांना -३०, अर्धा तास सिनेबेंच चाललं, काही झालं नाही. एका तुकड्यातून कापलेले आठ कोर, त्यांच्यात असा काय फरक असणार? लोक उगाच सुतावरून स्वर्ग गाठतात. स्कोअर वाढला, एका कोरवर ४.८५ दिसतात. फक्त तापमान दोनच अंश उतरलं, ते का ते कळलं नाही, पण तुमचा कूलर माझ्यापेक्षा चांगला असेल.

मीटरवाली
स्लो लोकल, तुमच्या त्या 'दोनच अंशां'मध्येच अर्धं उत्तर आहे.

आधी कोरमधला फरक. तुकडा एकच असला तरी प्रत्येक कोरला ठरावीक वेगासाठी लागणारं व्होल्टेज वेगळं असतं, आणि ते कारखान्यात मोजून त्या-त्या कोरच्या वेग-व्होल्टेजच्या वक्रात भरलेलं असतं. रायझन मास्टर उघडलंत तर दोन कोरवर खूण दिसेल. ते सर्वांत चांगले. लोकांना वाटतं, चांगला कोर म्हणजे जास्त उणे सोसेल. होतं बहुधा उलटं. चांगल्या कोरला मुळातच कमी व्होल्टेजवर जास्त वेग पळवायला लावलेलं असतं, त्यामुळे त्याच्याकडे कापायला शिल्लक थोडी. शिवाय एकेरी कामं विंडोज याच दोघांकडे देते, म्हणजे ४.८५ ची वरची पायरी हेच चढतात.

आता सिनेबेंच. आठही कोर भरले की वेग ४.५ च्या आसपास राहतो. वक्राचं वरचं टोक त्यात तपासलंच जात नाही. म्हणून -३० वर सिनेबेंच तासन् तास चालतं, आणि रात्री ब्राउझरची एक खिडकी उघडी ठेवून तुम्ही चहा करायला उठलात की मशीन आपोआप रीस्टार्ट. भाराखाली नाही, निवांत असताना. आपण मात्र कारण शोधत बसतो पॉवर सप्लायमध्ये.

माझ्याच मशीनचं सांगते, तेही ५८००एक्स. सगळ्यांना -२५ दिले होते. तीन दिवस सुखात गेले, चौथ्या रात्री गाणी चालू असताना काळा पडदा. Event Viewer मध्ये WHEA-Logger, Event ID 18, Cache Hierarchy Error, आणि खाली Processor APIC ID: 4. या प्रोसेसरवर प्रत्येक कोरचे दोन थ्रेड, म्हणून चार भागिले दोन: कोर २. (मोजणी शून्यापासून.) आणि माझे खुणेचे कोर २ आणि ५. मग CoreCycler लावलं. ते प्राइम९५ एका वेळी एकाच कोरवर चालवतं, बाकीचे झोपलेले, म्हणजे तो कोर खरोखर वरच्या पायरीवर जातो. config.ini मध्ये एवढंच पाहा:

```
[General]
stressTestProgram = PRIME95
runtimePerCore = 6m
numberOfThreads = 1

[Prime95]
mode = SSE
FFTSize = Huge
```

SSE मुद्दाम. AVX2 ने कोर जास्त तापतो आणि वेग खाली येतो, मग पुन्हा तीच सिनेबेंचची गत. आठ कोर गुणिले सहा मिनिटं म्हणजे पाऊण तासाची एक फेरी. कोर २ ने -२५ ला पहिल्याच मिनिटात गणित चुकवलं, -१८ ला दुसऱ्या फेरीत, -१४ ला पहाटे. शेवटी -८ वर टिकला. कोर ५ -११ वर. उरलेले सहा -२५ ला आजतागायत गप्प आहेत. तुमचे आकडे वेगळे येतील, माझे उचलू नका.

स्लो लोकल
मग -८ आणि -११ वरच अडकायचं असेल तर सगळ्यांना -८ द्या की! सब घोडे बारा टक्के, झोपा सुखाने. सहा कोरना -२५ देऊन काय पदरात पडलं?

मीटरवाली
थंडावा पडला. सगळ्या कोरना व्होल्टेज एकाच वाटेने येतं, वेगवेगळ्या नळांनी नाही. सोसायटीच्या पंपाला दाब किती ठेवायचा हे सगळ्यांत वरच्या मजल्यावरचा ठरवतो, खालच्याला तेवढ्याची गरज नसली तरी त्याच्याकडे तोच येतो. आठही कोर काम करत असताना सगळ्यांत जास्त मागणारा कोर दाब ठरवतो, आणि तो खुणेचा कोर नसतो, तो कमअस्सलांपैकी असतो. त्याची मागणी उतरली की सगळ्यांचं व्होल्टेज उतरतं. सगळ्यांना -८ ठेवलंत तर वरचा मजला तिथेच राहतो.

एका आकड्याला ढोबळ मानाने ३ ते ५ मिलिव्होल्ट धरतात. -१५ म्हणजे ६० च्या आसपास. १.२५ चे १.१९ झाले, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने घटते, तर त्याच वेगाला सुमारे ९ टक्के वीज वाचली.

आता तुमचे ते दोन अंश. वाचलेली वीज प्रोसेसर परत देत नाही, खाऊन टाकतो. ५८००एक्सची वीज खाण्याची मर्यादा, म्हणजे PPT, १४२ वॉट. व्होल्टेज उतरलं की तो म्हणतो, अजून जागा आहे, आणि वेग वाढवत पुन्हा १४२ ला जाऊन टेकतो. माझ्याकडे नुसत्या या उणे आकड्यांनी, म्हणजे ऑफसेटने, वेग ४.४५ वरून ४.६५ झाला, तापमान ८९ वरून ८७. मग बायोसच्या PBO मध्ये PPT ११५ केली: ४.५ गिगाहर्ट्झ आणि ७६ अंश. मूळपेक्षा वेग किंचित जास्त, उष्णता तेरा अंश कमी. दोन्ही हवं असेल तर दोन्ही हात लावावे लागतात. नुसता ऑफसेट देऊन थंडावा मागणं हे गॅस मोठा करून दूध उतू जाऊ नये म्हणण्यासारखं.

वरात एडिटर
मी विरोधात आहे, आणि मुद्दा रीस्टार्टचा नाहीच. रीस्टार्ट झालेला बरा, निदान कळतं.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा, दादरला. एका मशीनवर सगळ्या कोरना -२० होते. महिनाभर एकदाही बंद पडलं नाही. मग एका एक्सपोर्टमध्ये अंतरपाट धरलेला असताना तीन-चार फ्रेमवर हिरवे चौकोन. मी पाहिले नाहीत, नवरीच्या आत्याने पाहिले. त्याच आठवड्यात क्लायंटसाठी बांधलेलं झिप उघडताना सीआरसीची चूक. Event Viewer कोरंकरकरीत. ऑफसेट काढला, तोच प्रोजेक्ट पुन्हा काढला, स्वच्छ.

मीटरवाली ताईंची भौतिकी बरोबर असेल. पण दहा रात्री चाचणी पास होणं म्हणजे दहा रात्रींत चूक दिसली नाही, एवढंच. मी आता ६५ वॉटचा इको मोड लावतो, PPT ८८ होते, व्होल्टेजला हात नाही. ४१ मिनिटांचं एक्सपोर्ट ४५ ला होतं. चार मिनिटांत मी वडापाव खातो.

मीटरवाली
मूक चुका होतात हे शंभर टक्के मान्य, आणि तो ऑफसेटचा सगळ्यांत वाईट दोष आहे. पण तुमचं प्रकरण सगळ्यांना एकच आकडा देण्याचं आहे, त्यात खुणेच्या कोरचा बळी ठरलेलाच. आणि एक विचारते, रॅमला जादा वेग देणारं XMP चालू होतं का? झिप बिघडण्यात रॅमही तितकीच संशयित.

वरात एडिटर
XMP तेव्हाही चालू, आजही चालू. ऑफसेट काढून आठ महिने झाले, पुन्हा चूक नाही. आणि खुणेच्या कोरचा बळी कशावरून? ज्या कोरने नोंदच केली नाही तो कुठला हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

मीटरवाली
नाही सांगता येणार. म्हणून मी टिकलेल्या आकड्यातून आणखी तीन मागे येते. -८ टिकला तर -५ ठेवते. लोकांच्या पैशाच्या कामाचं मशीन असेल तर तुमचा इको मोड योग्य, वाद नाही. धागाकर्त्याने मशीन कशासाठी आहे ते सांगितलेलं नाही.

निवृत्त शाखाधिकारी
नमस्कार. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेल दहावी पिढी आहे. ThrottleStop मधून -८० मिलिव्होल्ट दिले होते, फार छान चालत होता. बायोस अपडेट केल्यापासून ती जागा करडी झाली आहे, दाबली जात नाही. कोरप्रमाणे वेगळे दिल्यास चालेल का?

मीटरवाली
काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली, CVE-2019-11157. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज मुद्दाम पाडून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चूक घडवता येते, असं संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर अनेक लॅपटॉपवाल्यांनी बायोसमधून ते दारच बंद केलं. कोरनिहाय वगैरे तिथे उपयोगाचं नाही. जुना बायोस परत टाकायच्या भानगडीत पडू नका, आधी पंखा साफ करून घ्या.

निवृत्त शाखाधिकारी
पंखा मागच्या महिन्यातच साफ केला. असो.

बारा कोरी
५९००एक्स आहे. माझ्याकडे APIC ID 20 आली. भागिले दोन म्हणजे कोर १०, त्याला उणे कमी केलं, तरी रीस्टार्ट होतोच.

मीटरवाली
बारा कोरवाल्यात सरळ भागाकार चालत नाही. दोन चिपलेट, सहा-सहा कोर. पहिल्याचे आकडे ० ते ११, मग चार आकडे गाळून दुसऱ्याचे १६ पासून. २० वजा १६ म्हणजे ४, भागिले दोन, दुसऱ्या चिपलेटचा कोर २, म्हणजे सलग मोजणीत कोर ८. तुम्ही भलत्याच कोरला शिक्षा केलीत.

स्लो लोकल
कबुली: काल रात्री ते CoreCycler लावलं. कोर ३ पाच मिनिटांत पडला, बाकी सात पहाटेपर्यंत -३० ला ठणठणीत. म्हणजे मी सातअष्टमांश बरोबर होतो. पण एक विचारतो, खोलीत रात्री एसी लावला तर निकाल बदलेल का?

मीटरवाली
बदलू शकतो, आणि तुम्हाला वाटतं त्याच्या उलट दिशेने. थंड असला की बूस्ट आणखी एखादी २५ मेगाहर्ट्झची पायरी चढतो, म्हणजे दुपारी न तपासलेली पायरी रात्री वापरात येते. दुपारीही लावा, एसीतही लावा. आणि कोर ३ खुणेचा आहे का ते पाहा.

स्लो लोकल
खुणेचा नाही! आता?

मीटरवाली
आता काही नाही. 'बहुधा' म्हणाले होते.

खोली नं. १४ (धागाकर्ता)
मशीन गेमसाठी आणि मुलीच्या प्रोजेक्टसाठी, धंदा नाही. आधी नुसती PPT ११५ केली, ऑफसेट शून्य: ४.३ वर ७७ अंश. मग Curve Optimizer मध्ये Per Core घेऊन खुणेचे दोन (माझे ० आणि ४) -५, बाकी -१५: वेग ४.४५, तापमान तेच ७७. म्हणजे मूळचाच वेग, बारा अंश थंड. आता -१५ चे -२० करायचे म्हणतोय, पण घरचे म्हणतात टेबलफॅन रात्रभर कॅबिनेटकडे वळवून ठेवायचा असेल तर तूही तिकडेच झोप.

वरात एडिटर
-१५ वर थांबा. मुलीच्या प्रोजेक्टची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

स्लो लोकल
-२० करा हो. कोर ३ ला -२२ वर आणलंय, दोन फेऱ्या पास. तिसरी चालू आहे.