मदत हवी आहे: उत्तर √2 बरोबर, तरी मार्क शून्य. स्टोल्झ-चेझारो वापरताना माझं कुठे चुकलं?

पेठेतली_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून फेब्रुवारीतल्या जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय. परवा क्लासच्या टेस्टमध्ये हा प्रश्न होता:

```
x(1) = 1,  x(n+1) = x(n) + 1/x(n)
x(n)/√n चं लिमिट काढा
```

√n अमर्याद वाढतो, म्हणून मी थेट स्टोल्झ-चेझारो लावलं. वरच्या दोन लागोपाठच्या पदांचा फरक 1/x(n), खालचा फरक √(n+1) − √n. भागाकार केला तर (√(n+1) + √n)/x(n) येतो. n मोठा झाला की हे 2√n/x(n) सारखंच. मग लिमिट L धरलं, L = 2/L, म्हणजे L = √2.

उत्तरपत्रिकेत √2 च दिलंय. मला मात्र पाचापैकी शून्य, आणि शेजारी लाल पेनाने दोनच शब्द: "गृहीत धरलंस". सरांना विचारायला गेलो तर पुढची बॅच आत शिरत होती, "घरी विचार कर" म्हणाले. तीन दिवस विचार करतोय. नक्की काय गृहीत धरलं मी?

कोथरूडचा_गणिती

सरळ सरळ अन्याय आहे. स्टोल्झ-चेझारो म्हणजे लोपितालचाच क्रमिकांमधला भाऊ. तिथे डेरिव्हेटिव्ह घेतो, इथे फरक. तू फरक बरोबर घेतलेस, आकडेमोड बरोबर, उत्तर बरोबर. फरकांच्या गुणोत्तराचं लिमिट आणि मूळ गुणोत्तराचं लिमिट एकच असतं, म्हणून दोन्हीकडे L लिहायला काहीच हरकत नाही. पेपर घेऊन परत जा.

स्कूटरवाला_काका

मला गणितातलं फार कळत नाही, पण विषय अॅव्हरेजचा दिसतोय म्हणून विचारतो. मी प्रत्येक वेळी टाकी फुल करतो आणि वहीत किलोमीटर व लिटर लिहून ठेवतो. नवी गाडी होती तेव्हा पहिल्या १० लिटरला जेमतेम ३०० किमी पळाली, म्हणजे ३० चं अॅव्हरेज. सर्व्हिसिंगनंतर दर वेळी ५० पडतंय. आता एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर केलं की ४८ येतं. कोणी विचारलं तर ४८ सांगायचं की ५०?

कोथरूडचा_गणिती

काका, हा धागा गाडीचा नाहीये.

निवृत्त_मास्तरीण

थांबा, काकांना घालवू नका. त्यांनी अख्खा सिद्धांत वहीत लिहून ठेवलाय.

आधी मूळ प्रश्न. पेठेतल्या बाळा, सिद्धांत काय म्हणतो ते एकाच दिशेने वाच. छेद काटेकोर वाढत जातो आणि अमर्याद होतो, आणि फरकांच्या गुणोत्तराला लिमिट आहे, एवढं दिलं तर मूळ गुणोत्तरालाही लिमिट आहे आणि ते तेच. तुझ्याकडे फरकांचं गुणोत्तर किती आलं? जवळपास 2√n/x(n). याला लिमिट आहे हे तुला कुठून कळलं? ते कळायला x(n)/√n ला लिमिट आहे हे आधी माहीत हवं. आणि तेच तर सिद्ध करायचं होतं. सरांनी लाल पेनाने लिहिलंय ते हेच.

"उत्तर बरोबर आलं ना" असं म्हणशील, म्हणून एक उदाहरण देते. y(1) = 1 घे आणि y(n+1) = 2/y(n). पदं लिही: 1, 2, 1, 2, 1, 2… आता "लिमिट L धरा" म्हटलं की L = 2/L, म्हणजे √2. तुझंच समीकरण, तुझंच उत्तर, आणि इथे लिमिट नाहीच. तुझ्या उत्तरपत्रिकेतली ओळ या दोन क्रमिकांमध्ये फरक करू शकत नाही. म्हणून शून्य. मी तपासत असते तर पाचापैकी एक दिला असता, पण तो दयेचा.

आता काकांची वही. एकूण किलोमीटर वर, एकूण लिटर खाली. प्रत्येक टाकीचं अॅव्हरेज म्हणजे फरकांचं गुणोत्तर. एकूण अॅव्हरेज हे टाक्यांच्या अॅव्हरेजचं भारित सरासरी असतं, आणि प्रत्येक टाकीचं वजन म्हणजे तिच्यात गेलेलं पेट्रोल. समजा एका टप्प्यानंतर सगळ्या टाक्या ४९.९ ते ५०.१ च्या मध्येच पडतात. मग त्या टप्प्यानंतरचे सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर हेही त्याच पट्ट्यात राहणार, बाहेर जायला जागाच नाही. उरतात सुरुवातीचे ३०० किमी आणि १० लिटर. काका, तुमचे आत्तापर्यंत १०० लिटर झाले असणार: ३०० + ४५०० = ४८००, म्हणून ४८. १००० लिटर होतील तेव्हा ४९८००, म्हणजे ४९.८. ते वाईट दहा लिटर कधी पुसले जात नाहीत, फक्त एकूण लिटरच्या डोंगरात हरवतात. सिद्धांताची सिद्धता एवढीच आहे, पट्ट्याच्या जागी एप्सिलॉन लिहायचा.

यातूनच अटी कशाला लागतात तेही दिसतं. गाडी १०० लिटरनंतर विकली तर छेद तिथेच थांबला, आणि जुनं ३० चं पाप कायमचं चिकटलं. छेद अमर्याद हवा तो यासाठी. आणि पार्किंगमधून कोणी पेट्रोल काढून नेत असेल आणि ते तुम्ही वहीत वजा मांडत असाल, तर वजन ऋण झालं. ऋण वजनांची सरासरी पट्ट्याबाहेर कुठेही उडू शकते. म्हणून छेद वाढताच हवा.

स्कूटरवाला_काका

पार्किंगमधलं तुम्हाला कसं कळलं?

म्हणजे विचारणाऱ्याला ५० सांगायचं, बरोबर?

कोथरूडचा_गणिती

ठीक, वर्तुळात फिरणं झालं हे मान्य. पण मग लिमिट नसल्याचं तरी या पद्धतीने ठरवता येईल ना? फरकांचं गुणोत्तर हेलकावे खात असेल तर मूळ गुणोत्तरालाही लिमिट नाही. लोपितालमध्येही असंच धरतात.

निवृत्त_मास्तरीण

लोपितालमध्येही असं धरतात ती चूकच असते. वर (−1)^n, खाली n. फरकांचं गुणोत्तर आळीपाळीने 2 आणि −2, त्याला लिमिट नाही. मूळ गुणोत्तर मात्र निमूटपणे 0 कडे जातं. फरक गडबड करत असले तर सिद्धांत गप्प बसतो, "नाही" म्हणत नाही. ऑस्ट्रियाचा स्टोल्झ आणि इटलीचा चेझारो, दोघांपैकी कोणीही उलट दिशेची हमी दिलेली नाही.

पेठेतली_अभ्यासिका

ताई, आत्ता डोक्यात प्रकाश पडला. 1, 2, 1, 2 पाहिल्यावर वाद घालायला तोंडच उरलं नाही. पण मग हा प्रश्न सोडवायचा कसा? स्टोल्झ लागतच नाही का इथे?

निवृत्त_मास्तरीण

लागतो, पण x(n) वर नाही. ज्याची वाढ जवळपास स्थिर आहे अशी राशी शोध. x दर पायरीला 1/x ने वाढतो, म्हणजे जितका मोठा तितका सावकाश. त्याचा वर्ग किती वाढतो ते कर बघू:

```
x(n+1)² = x(n)² + 2 + 1/x(n)²
```

वर्ग दर पायरीला 2 पेक्षा जास्तच वाढतो, म्हणून x(n) अमर्याद होतो हे फुकटात मिळालं. मग वर a(n) = x(n)², खाली b(n) = n. फरकांचं गुणोत्तर 2 + 1/x(n)², आणि ते 2 कडे जातं. इथे काहीही गृहीत धरलेलं नाही, कारण x(n) अमर्याद आहे एवढंच वापरलं. स्टोल्झ म्हणतो x(n)²/n → 2. वर्गमूळ घे, झालं.

तीन ओळी. आणि छेदात √n ऐवजी साधा n आल्यामुळे खालचा फरक 1, तुझी ती वर्गमुळांची कसरतही वाचली.

रात्रपाळी_हिंजवडी

बिल्ड संपायची वाट बघत होते, म्हणून चालवून पाहिलं.

```
x = 1.0
for n in range(1, 1000):
    x = x + 1/x
print(x*x/1000)
```

२.००३ येतं. n = १० ला २.०८८, n = १०० ला २.०२०. म्हणजे २ कडे जातंय खरं, पण फार रमतगमत. हे जास्तीचं कुठून येतं? 1/n सारखं घटत असतं तर १० पट n ला चूक १० पट कमी व्हायला हवी. ०.०८८ वरून ०.०२० म्हणजे चारच पट.

पेठेतली_अभ्यासिका

हे मी करून बघू का? जास्तीचं म्हणजे x(n)² − 2n. ते दर पायरीला 1/x(n)² ने वाढतं, आणि आता आपल्याला माहीत आहे की ते 1/(2n) सारखं आहे. 1/n ची बेरीज लॉगसारखी वाढते, म्हणून छेदात ln n घेतो. तो वाढता आहे आणि अमर्याद आहे. खालचा फरक ln(n+1) − ln n, जो 1/n सारखा. गुणोत्तर ½. म्हणजे

(x(n)² − 2n)/ln n → ½

आणि या वेळी 1/x(n)² बद्दल जे वापरलं ते आधी सिद्ध केलेलं आहे, गृहीत नाही. बरोबर?

निवृत्त_मास्तरीण

बरोबर. शेवटचं वाक्य न विचारता लिहिलंस याचे पाचपैकी पाच. आता 1/x च्या जागी 1/x² घालून स्वतः कर, कशाचा वर्ग नि कशाचा घन ते तूच ठरव.

पेठेतली_अभ्यासिका

घन. x(n)³/n → 3. वाढ 3 + 3/x³ + 1/x⁶ अशी आली, शेवटची दोन पदं शून्याकडे जातात.

रात्रपाळी_हिंजवडी

मग मी x² − 2n − ½ ln n छापून पाहिलं. n = १०, १००, १००० ला उणे ०.२६७, उणे ०.२७३, उणे ०.२७६. कुठल्यातरी आकड्यावर थांबतंय असं दिसतंय. तो आकडा काय आहे? स्टोल्झ लावून निघेल?

कोथरूडचा_गणिती

छेदात काय घेणार? आता वाढणारं काही उरलंच नाही. छेद 1 घेतला तर खालचा फरक शून्य.

निवृत्त_मास्तरीण

या वेळी कोथरूडकर बरोबर आहेत. छेद अमर्याद नाही तिथे हा सिद्धांत हात टेकतो. थांबतं हे वेगळ्या मार्गाने दाखवता येईल, उरलेल्या फरकांची बेरीज अभिसारी आहे असं दाखवून. पण तो आकडा e, π वगैरेंमध्ये लिहिता येईल असं मला वाटत नाही. कोणाला जमलं तर इथेच टाका.

स्कूटरवाला_काका

मी नवीन टाकी भरली. ४४ पडलं. आता?