एका सेकंदाचे दोन हिशेब

> दर किलोमीटरला एक सेकंद घसरला तर शेवटी फार तर पाऊण मिनिट जाईल ना?

घसरण कशी होते त्यावर आहे. मॅरेथॉन चार तासांच्या आत संपवायचीय असं धरू. पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:४१. ३४१ सेकंद गुणिले ४२.१९५ किलोमीटर: एकूण वेळ ३:५९:४८. सगळी शर्यत ५:४२ ने धावलात तर ४२ सेकंद वाढून ४:००:३१. इथवर तुमचं पाऊण मिनिट बरोबर.

पण मिरामारहून दोनापावलाकडे जाताना बनियन घामाने अंगाला चिकटलं की निदान माझा पेस तरी एका जागी थांबत नाही. पहिला किलोमीटर ५:४१, दुसरा ५:४२, तिसरा ५:४३, असा तो सरकत जातो. आता जादा सेकंदांची ० ते ४१ अशी बेरीज करायची: ४१ गुणिले ४२ भागिले २, म्हणजे ८६१. उरलेल्या १९५ मीटरचे आणखी आठ. झाले ८६९ सेकंद, जवळजवळ साडेचौदा मिनिटं! वेळ ४:१४:१८, आणि बेचाळिसावा किलोमीटर ६:२२ चा.

हीच घसरण तिसाव्या किलोमीटरनंतर सुरू झाली तर फक्त ८१ सेकंद जातात.

एका किलोमीटरमागे एक सेकंद घड्याळात कळतच नाही, जीपीएसची चूक त्याहून मोठी असते. म्हणून पाच-पाच किलोमीटरच्या वेळा बघा. २८:३५, २९:००, २९:२५ असे पंचवीस-पंचवीस सेकंद वाढत असतील, तर तुमचा हिशेब दुसरा आहे.